‘नाव नोंदवा’ बटणाच्या वर

ऑनलाइन कोर्सचं पान मोबाइलवर उघडलं की आधी लॅपटॉप घेऊन बसलेल्या हसऱ्या मुलीचा फोटो दिसतो. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘करिअर घडवा’. खाली खोडलेली जुनी किंमत, तिच्याशेजारी नवी किंमत आणि उलटं धावणारं घड्याळ: सवलत संपायला चौदा मिनिटं. लगेच ‘आत्ताच नाव नोंदवा’. पान आणखी वर सरकवलं की प्रशिक्षकांचा परिचय, जुन्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय, संस्थेची वाटचाल. हा कोर्स केल्यावर आपल्याला नेमकं काय करता येईल, तो किती दिवस चालेल, त्याआधी काय यायला हवं आणि आठवड्याला किती वेळ मोडेल, या चार प्रश्नांची उत्तरं मात्र सापडलीच तर अगदी तळाशी सापडतात. बऱ्याचदा ती पैसे भरल्यावरच कळतात.

संस्थांशी बोललं की यामागचं कारण लपून राहत नाही. ‘आठवड्याला पाच तास लागतील असं लिहिलं तर लोक पळतील,’ ही भीती असते. ती अगदीच खोटी नाही, काहीजण पळतातच. पण पाच तास काढू न शकणारा माणूस पैसे भरून घेतल्याने पाच तासवाला होत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतो, आणि जाताना पैसे परत मागतो किंवा ओळखीच्या चारजणांना ‘तिकडे जाऊ नका’ असं सांगतो.

गळतीचं प्रमाण किती मोठं असू शकतं, हे जस्टिन रीच आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते या दोन अभ्यासकांनी 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. त्यांनी हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या, सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन कोर्सची आकडेवारी तपासली होती. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी कोर्सच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. 2017-18 मध्ये शंभरातल्या जेमतेम तिघांनी कोर्स पूर्ण केला. आता, हे कोर्स फुकट. नुसतं डोकावायला येणारे त्यात पुष्कळ. पण रीच यांनीच त्याआधी 2014 मध्ये हार्वर्डच्या कोर्सबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली होती. ‘मला हा कोर्स पूर्ण करायचा आहे’ असं सुरुवातीला स्वतः सांगणाऱ्यांपैकीही शंभरातले साधारण बावीसच शेवटपर्यंत पोचले.

उरलेले सगळे काही पानामुळे गळले नाहीत. नोकरी बदलते, घरात आजारपण येतं, परीक्षा लागते. पानाच्या हातात एवढंच असतं की जे आधीपासून ठाऊक होतं, ते आधी सांगायचं. ते कसं सांगायचं हे पाहायला एकच नमुना घेऊ: टॅली आणि जीएसटीचा, मराठीतून शिकवला जाणारा ऑनलाइन कोर्स. असे कोर्स जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात. बी.कॉम. झालेली मुलं ते करतात, दुकानाचा हिशोब स्वतः बघू पाहणाऱ्या बायका करतात, आणि चाळिशीत नोकरी बदलणारे कारकूनही करतात. आपला कोर्स काल्पनिक आहे. पण त्याच्या पानावरची वाक्यं कुठेही भेटतील अशीच आहेत.

काय करता येईल?

जुन्या पानावर ‘या कोर्समधून काय मिळेल’ या मथळ्याखाली असं लिहिलं आहे: ‘टॅलीचे सखोल ज्ञान. जीएसटीची संपूर्ण माहिती. अकाउंटिंगच्या संकल्पना स्पष्ट होतील. उज्ज्वल करिअरची संधी.’

यातलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही, आणि तोच त्यांचा दोष आहे. ‘सखोल ज्ञान’ मिळालं की नाही हे कोण आणि कसं ठरवणार? रॉबर्ट मेगर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1962 मध्ये शिकवण्याची उद्दिष्टं कशी लिहावीत यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातली कसोटी आजही कामाची आहे. उद्दिष्टात तीन गोष्टी दिसाव्यात: शिकणारा काय करून दाखवेल, कुठल्या परिस्थितीत करेल, आणि ते बरोबर झालं असं कधी म्हणायचं. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘ओळख होईल’ ही क्रियापदं या कसोटीला उतरत नाहीत, कारण समजणं डोळ्यांना दिसत नाही. नोंदवणं, जुळवणं, काढणं, शोधणं दिसतं.

टॅलीच्या कोर्सला ही कसोटी लावू. ‘अकाउंटिंगच्या संकल्पना स्पष्ट होतील’ याऐवजी: ‘एका किराणा दुकानाच्या महिन्याभराच्या 40 बिलांवरून खरेदी, विक्री आणि खर्च टॅलीत नोंदवता येईल, आणि बँकेच्या स्टेटमेंटशी शिल्लक पैशापर्यंत जुळवता येईल.’ चाळीस बिलं ही परिस्थिती झाली, नोंदवणं-जुळवणं ही कृती झाली आणि पैशापर्यंत हा निकष झाला. ‘जीएसटीची संपूर्ण माहिती’ याऐवजी: ‘गिऱ्हाईक राज्यातलं आहे की बाहेरचं हे पाहून बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की आयजीएसटी, हे ठरवता येईल, जीएसटीआर-1 साठीचे आकडे टॅलीतून काढून त्यातल्या चुका दुरुस्त करता येतील.’ दुकानाचा हिशोब बघणाऱ्या बाईला हे वाचल्यावर पुढचं कुणी समजावून सांगावं लागत नाही. आपल्याला हे हवं आहे की नाही, हे ती स्वतः ठरवते.

अशी वाक्यं लिहायला बसलं की एक अडचण येते, आणि ती फायद्याची असते. प्रत्येक वाक्यासमोर ते कुठल्या धड्यात शिकवलं आहे आणि कुठल्या सरावात तपासलं आहे, हे लिहून बघावं. आपल्या कोर्सच्या यादीत ‘ताळेबंद वाचून धंद्याची स्थिती सांगता येईल’ असंही एक वाक्य होतं. धडा सापडला, त्यात ताळेबंद स्क्रीनवर कसा उघडायचा हे दाखवलं होतं. पण तो वाचून काही सांगायचा सराव कुठेच नव्हता. मग दोनच रस्ते उरतात: तसा सराव तयार करा, नाहीतर पानावरून ते वाक्य काढा. पान साधं करायचं काम असं हळूच कोर्सच्या आत शिरतं. ते फक्त जाहिरात लिहिणाऱ्यावर सोपवून भागत नाही. शिकवणारा शेजारी बसलेला लागतो.

चार वाक्यं पुरेत. त्यांच्याखाली पाचवं वाक्य असावं, जे जवळजवळ कुणीच लिहीत नाही: कोर्समध्ये काय नाही. ‘जीएसटी पोर्टलवर विवरणपत्र प्रत्यक्ष भरण्याचा सराव या कोर्समध्ये नाही, त्यासाठी नोंदणीकृत व्यवसायाचं लॉगिन लागतं. आयकर आणि पगारपत्रकही नाही.’ या एका वाक्याने संस्थेला येणारे निम्मे फोन वाचावेत आणि शिकणाऱ्याची नंतरची चिडचिडही.

नोकरीबद्दलचं वाक्य मात्र या यादीत बसतच नाही. नोकरी देणं दुसऱ्या कुणाच्या हातात असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. कोर्स, त्याचा कालावधी, शुल्क, परताव्याचे नियम यांबद्दल खोटे दावे करणं आणि नोकरीची किंवा निवडीची हमी देणं, यांवर त्यांनी बोट ठेवलं आहे. ‘शंभर टक्के नोकरी’ हे म्हणूनच नुसतं भडक वाक्य राहिलेलं नाही.

किती दिवस, आणि किती तास?

कालावधी आणि मेहनत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या पानावर एकमेकींत सर्वांत जास्त मिसळतात. ‘आठ आठवड्यांचा कोर्स’ म्हटल्याने कॅलेंडर कळतं, कष्ट कळत नाहीत. ‘दहा तासांचा कोर्स’ म्हटल्याने बहुतेक वेळा व्हिडिओंची लांबी कळते. शिकायला लागणारा वेळ त्याहून वेगळा असतो.

आपल्याकडचं सगळ्यात परिचित उदाहरण ‘स्वयम’चं. भारत सरकारचं हे व्यासपीठ जुलै 2017 मध्ये सुरू झालं आणि त्यावरचे अभियांत्रिकी-विज्ञानाचे पुष्कळ कोर्स आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमाचे आहेत. त्यांच्या पानावर एक नीटस तक्ता असतो: कालावधी, श्रेयांक, सुरू होण्याची तारीख, नोंदणीची शेवटची तारीख, परीक्षेची तारीख. खाली कोर्स कुणासाठी आहे, आधी काय यायला हवं आणि आठवडेवार आराखडा. बऱ्याच खासगी पानांपेक्षा हे कितीतरी बरं आहे. तरीही ‘12 आठवडे, 3 श्रेयांक’ एवढ्यावरून पहिल्या वर्षाच्या मुलाला आपला रविवार जाणार की रोजची संध्याकाळ, हे कळत नाही.

गणित करता येतं. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला 1200 तास आणि 40 श्रेयांक धरले आहेत, म्हणजे एका श्रेयांकाला 30 तास. त्या हिशोबाने तीन श्रेयांकांना 90 तास, आणि ते बारा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसात. त्यातली व्याख्यानं साधारण अडीच तासांची. म्हणजे बघण्याला एक वाटा आणि वाचणं, सोडवणं, पुन्हा बघणं याला दोन वाटे. हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत मांडण्यापेक्षा पानानेच करून द्यायला हवं.

टॅलीच्या कोर्सचं तेच. जुनं पान म्हणतं: ‘फक्त 10 तासांत टॅली शिका!’ कोर्समध्ये 58 व्हिडिओ आहेत, सरासरी दहा मिनिटांचे. म्हणजे 9 तास 40 मिनिटं. ‘दहा तास’ आले ते इथून. पण टॅली बघून येत नाही. व्हिडिओ थांबवायचा, टॅलीच्या खिडकीत जाऊन तीच नोंद स्वतः करायची, चुकली तर मागे जायचं, असं चालतं. नेमका वेळ काढायचा तर अंदाज बांधू नये. तीन नवख्या माणसांना एक धडा द्यावा आणि घड्याळ लावून बसावं. समजा दहा मिनिटांच्या धड्याला तिघांना सरासरी वीस मिनिटं लागली. मग हिशोब असा होतो: व्हिडिओ आणि सोबतचा सराव 19 तास 20 मिनिटं; 14 स्वतंत्र सराव, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे साडेदहा तास; सहा छोट्या चाचण्या, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे दोन तास; शेवटचं 40 बिलांचं काम सहा तास. बेरीज 37 तास 50 मिनिटं. दहा तासांचा कोर्स मुळात अडतीस तासांचा निघाला.

आठ आठवड्यांत तो बसवला तर आठवड्याला पावणेपाच तास, म्हणजे पाच धरू. पानावर एकच आकडा टाकण्यापेक्षा दोन टोकं द्यावीत आणि ती कुणाची आहेत तेही सांगावं: ‘आठवड्याला साधारण 5 तास. वाणिज्य शाखेतून शिकलेल्यांना 4 पुरतात. हिशोब पहिल्यांदाच शिकत असाल तर 6 ते 7 धरा.’ हार्वर्डच्या सीएस50 या गाजलेल्या संगणकशास्त्राच्या कोर्समध्ये आठवड्याला 6 ते 18 तास असं लिहिलेलं असतं. एवढं रुंद अंतर प्रामाणिक आहे, पण आपण त्यातल्या कुठल्या टोकाला आहोत हे नवख्याला त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून टोकांना ओळख हवी.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगायच्या. पहिली, मेहनत सगळ्या आठवड्यांत सारखी नसते. आपल्या कोर्समध्ये पाचव्या आठवड्यात जीएसटी सुरू होतो आणि आठव्यात शेवटचं काम येतं. तिथे सात-आठ तास जातात. ‘पाचवा आणि आठवा आठवडा जड आहे’ एवढं वाक्य वाचलं की माणूस त्या आठवड्यात लग्नाला जायचं असेल तर आधीच धडे उरकतो. दुसरी गोष्ट, वेळापत्रक बांधील आहे की सैल. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी थेट वर्ग आहेत का? मागे पडलं तर व्हिडिओ कधीपर्यंत बघता येतात? दुकानात संध्याकाळी सहा ते नऊ गिऱ्हाईक असतं. थेट वर्ग सातचा असेल तर बाकीची सगळी माहिती तिच्यासाठी फुकट आहे.

आधी काय यायला हवं?

‘संगणकाचे मूलभूत ज्ञान आवश्यक’ हे वाक्य आपल्याकडच्या कोर्सच्या पानांवर जणू छापूनच येतं. मूलभूत म्हणजे किती? एखाद्याला व्हॉट्सअ‍ॅप येतं म्हणून तो हो म्हणतो. एखादी मुलगी एक्सेल वापरूनही ‘मला फारसं येत नाही’ म्हणून मागे फिरते. अटी अशा शब्दांत लिहिल्या की बिनधास्त माणूस आत येतो आणि भिडस्त माणूस बाहेर राहतो, आणि दोघांच्या येण्याचा-न येण्याचा कौशल्याशी संबंध नसतो.

उपाय सोपा आहे. अट कामाच्या रूपात लिहायची. ‘संगणकावर फोल्डर तयार करून त्यात फाइल ठेवता येते आणि पुन्हा शोधून उघडता येते.’ ‘इंग्रजी की-बोर्डवर, हळू का होईना, नावं आणि आकडे टाइप करता येतात.’ ‘शेकडेवारी काढता येते: 850 रुपयांवर 18 टक्के किती?’ (153 रुपये.) याला हो किंवा नाही असं स्वच्छ उत्तर देता येतं.

हिशोबाच्या बाबतीत तर एक छोटा प्रश्नच पानावर ठेवावा. दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडून 5,000 रुपयांचा माल उधारीवर घेतला. कुठलं खातं नावे आणि कुठलं जमा? उत्तर खाली झाकून: खरेदी खाते नावे, व्यापाऱ्याचं खातं जमा. मग त्याखाली: ‘उत्तर आलं तर थेट दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करा. नाही आलं तर हरकत नाही. पहिला आठवडा त्यासाठीच आहे.’ इथे अट अडवण्यासाठी नाही, वाट दाखवण्यासाठी वापरली आहे. एसटीच्या पाटीवर शेवटच्या गावाबरोबर वाटेतली गावंही लिहिलेली असतात, आणि त्यामुळेच मधल्या थांब्यावरचा माणूस चढायचं की नाही हे ठरवू शकतो. अटी तशा लिहाव्यात. जी अट खरंच अडवणारी आहे तीही तितक्याच स्पष्टपणे सांगावी, आणि ती पूर्ण नसलेल्याला कुठे जायचं तेही.

ज्ञानाच्या अटींइतक्याच साधनांच्या अटी महत्त्वाच्या असतात आणि त्या बहुतेक पानांवर नसतातच. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. शिकणारी मोबाइलवर कोर्स विकत घेते आणि सरावाच्या पहिल्याच दिवशी तिला कळतं की घरी संगणक हवा. ‘विंडोजचा संगणक किंवा लॅपटॉप लागेल, फक्त मोबाइलवर हा कोर्स होणार नाही’ हे वाक्य बटणाच्या वरच हवं, कारण पान बघणाऱ्यांतले पुष्कळजण ते मोबाइलवरच बघत असतात.

परवान्याचा प्रश्न त्याला लागूनच येतो. टॅली विकत न घेता शैक्षणिक पद्धतीत चालवता येतं, पण त्यात नोंदी महिन्याच्या काही ठरावीक तारखांनाच करता येतात. सराव त्यात बसतो, महिन्याभराचा खरा हिशोब बसत नाही. हे ज्याला माहीत नाही तो बारा तारखेचं बिल टाकायला जातो, टॅली तारीख घेत नाही, आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. पानावर दोन वाक्यं पुरतात: ‘सरावासाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही. आमची सरावाची सगळी बिलं शैक्षणिक पद्धतीत चालतील अशा तारखांची आहेत.’ आणि ती तशी नसतील, तर आधी बिलांच्या तारखा बदलाव्यात.

पानावर कुठे आणि किती

एवढं सगळं सांगायचं म्हणजे पान लांब होणार, असं वाटेल. उलट होतं. वरच्या चार उत्तरांना एक छोटा चौकोन पुरतो, आणि तो शीर्षकाच्या खाली आणि ‘नाव नोंदवा’ बटणाच्या वर बसतो. आपल्या कोर्सचा असा दिसेल:

दुकानाचा हिशोब टॅलीत: जीएसटीसह
काय करता येईल: 40 बिलांवरून महिन्याचा हिशोब नोंदवून बँकेशी जुळवणं, बिलावर योग्य जीएसटी लावणं, जीएसटीआर-1 चे आकडे काढणं
कालावधी: 8 आठवडे, थेट वर्ग नाहीत, व्हिडिओ वर्षभर बघता येतील
मेहनत: एकूण सुमारे 38 तास, आठवड्याला 5, पाचवा व आठवा आठवडा जड
आधी हवं: विंडोजचा संगणक, फाइल उघडणं-ठेवणं, शेकडेवारी; हिशोब येत नसला तरी चालेल
यात नाही: पोर्टलवर विवरणपत्र भरणं, आयकर, पगारपत्रक
शुल्क आणि परतावा: एका ओळीत, अटींसह
अभ्यासक्रम शेवटचा सुधारला: महिना आणि वर्ष

तपशील खाली, ज्याला हवे त्याच्यासाठी. प्रशिक्षकांचा परिचय, अभिप्राय, आठवडेवार आराखडा हे सगळं राहू द्यावं. ते फक्त चौकोनाच्या खाली जातं. एक नमुन्याचा धडा मात्र फुकट उघडा ठेवावा, आणि तो ओळखीचा पहिला व्हिडिओ नसावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला, खऱ्या कामाचा, नेहमीच्या वेगाचा धडा असावा. शिकवणाऱ्याचा वेग, भाषा आणि अवघडपणा यांबद्दल असा एक धडा जे सांगतो, ते कुठल्याही वाक्याला जमत नाही.

शुल्काच्या ओळीत दडलेले खर्च आले पाहिजेत. ‘स्वयम’वर एनपीटीईएलच्या कोर्सना नाव नोंदवणं फुकट असतं, पण प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेसाठी वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, साप्ताहिक सरावाला 25 आणि परीक्षेला 75 टक्के वाटा असतो. ही व्यवस्था वाईट नाही, पण ती नोंदणीच्या दिवशीच ठाऊक असलेली बरी. कुठल्याही कोर्सचं प्रमाणपत्र हजेरीवर मिळतं की परीक्षेवर, आणि परीक्षा कुठे, हे त्याच ओळीत येऊ शकतं.

शेवटच्या सुधारणेची तारीख क्षुल्लक वाटते. टॅलीच्या कोर्समध्ये ती नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळपास मोडीत निघून बहुतेक वस्तू 5 आणि 18 टक्क्यांत आल्या. त्याआधी चित्रित झालेल्या धड्यांतली बिलं जुन्या दरांची आहेत. पद्धत तीच असल्याने धडे निकामी झाले असं नाही, पण शिकणाऱ्याला ते माहीत हवं आणि बदललेल्या दरांचा एक पुरवणी धडा तरी हवा.

आणि ते उलटं धावणारं घड्याळ? पान पुन्हा उघडलं की ते परत चौदा मिनिटांपासून सुरू होत असेल, तर ती नुसती नाटकी सजावट नाही. ग्राहकांना फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांवर 30 नोव्हेंबर 2023 रोजी जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांत अशा तेरा युक्त्यांची यादी आहे आणि खोटी घाई करवणं ही त्यांतली एक आहे. त्यापलीकडे एक साधा विरोध आहे: अडतीस तासांचा निर्णय चौदा मिनिटांत घ्यायला लावणारं पान वरच्या चारही उत्तरांना हरताळ फासतं.

जमलं की नाही हे कसं कळेल?

पान तयार झालं की ते संस्थेतल्या लोकांना दाखवून उपयोग नाही. त्यांना उत्तरं आधीच पाठ असतात. ज्यांच्यासाठी कोर्स आहे अशा पाचजणांना त्यांच्याच मोबाइलवर पान उघडून द्यावं. मिनिटभराने मोबाइल परत घ्यावा आणि विचारावं: हा कोर्स केल्यावर तुम्हाला काय करता येईल? किती आठवडे? आठवड्याला किती तास? तुमच्याकडे काय असायला हवं? चूक सांगितली तर ती दुरुस्त करायला जाऊ नये, लिहून घ्यावी. पाचांपैकी तिघांनी ‘दहा तास’ म्हटलं, तर व्हिडिओंचा तो जुना आकडा अजून कुठेतरी ठळक बसलेला असणार. चारजणांनी ‘जीएसटी भरता येईल’ म्हटलं, तर ‘यात नाही’ची ओळ त्यांच्या नजरेतून निसटली आहे. शेवटी आणखी एक प्रश्न: हा कोर्स कुणी घेऊ नये? याचं उत्तर वाचणाऱ्याला देता आलं तर पान जमलं आहे.

यानंतर आकड्यांकडे वळावं, पण कुठल्या आकड्यांकडे हे आधी ठरवून. नवं पान लावल्यावर नोंदण्या थोड्या कमी होण्याची शक्यता असते, आणि व्यवस्थापक पहिल्या आठवड्यातच जुनं पान परत लावायला सांगतो. म्हणून नोंदण्यांबरोबर तीन गोष्टी मोजाव्यात. नाव नोंदवलेल्यांपैकी कितीजणांनी पहिला सराव पूर्ण केला. पहिल्या पंधरवड्यात परतावा कितीजणांनी मागितला आणि कुठल्या कारणाने. ‘मोबाइलवर चालेल का’, ‘किती वेळ लागतो’ असे फोन किती आले. शंभर नोंदण्यांतून तीसजण पहिला सराव करत असतील आणि नव्या पानावर ऐंशी नोंदण्यांतून चाळीस, तर नोंदणी वीसने घटूनही खऱ्या शिकणाऱ्यांचे दहा वाढले. ही तुलना निदान एका पूर्ण तुकडीची असावी, आणि दिवाळीच्या तुकडीची जूनच्या तुकडीशी करू नये.

परताव्याच्या कारणांची यादी दर तुकडीनंतर वाचली की पानाचं पुढचं काम तिथेच सापडतं. ‘वेळ मिळाला नाही’ हे कारण वारंवार आलं तर तासांचा आकडा पुन्हा घड्याळ लावून मोजावा. तो तीन नवख्यांवरून काढला होता, आता तुकडीभर माणसं हाताशी आहेत. ‘मला वाटलं होतं की...’ अशी सुरुवात असलेल्या तक्रारी वेगळ्या काढून ठेवाव्यात. त्या शिकवण्याच्या तक्रारी नसतात. प्रत्येकीत चौकोनातली एखादी ओळ कमी असते किंवा चुकीची असते, आणि ती दुरुस्त करायला संध्याकाळचे दहा मिनिटं पुरतात.